शेततळ्यातले पाणी रोज किती उडते?

धाराशिव जिल्ह्यात शिवारातून फेरफटका मारला की जागोजागी काळ्या प्लॅस्टिकचे अस्तर असलेली चौकोनी शेततळी दिसतात. २०१६ मध्ये आलेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर त्यांची संख्या आणखी वाढली. पाऊस बेभरवशाचा, विहिरी उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या, त्यामुळे हाताशी साठा असावा ही गरज खरीच आहे. पण तळ्यात भरलेले सगळे पाणी पिकाला मिळत नाही. त्याचा एक वाटा दररोज हवेत जातो, आणि तो किती, हे घरबसल्या काढता येते.

हिशेब अगदी सरळ आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून पाण्याची पातळी एक मिलिमीटर उतरली, तर बरोबर एक लिटर पाणी गेले. म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढायचे आणि रोज उतरणाऱ्या मिलिमीटरने गुणायचे. उत्तर थेट लिटरमध्ये येते. ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद तळे काठोकाठ भरलेले असेल, तर पृष्ठभाग ९०० चौरस मीटर होतो. मे महिन्यात पातळी रोज ९ मिलिमीटर उतरत असेल, तर ९०० गुणिले ९ म्हणजे ८,१०० लिटर पाणी एका दिवसात उडते. बारा हजार लिटरचा टँकर दीड दिवसात रिकामा व्हावा, तसेच हे.

मिलिमीटरचा आकडा येतो कुठून?

हवामान केंद्रांवर बाष्पीभवन मोजण्यासाठी एक गोल, उथळ पात्र ठेवलेले असते. त्याचा व्यास सुमारे १२० सेंटिमीटर आणि खोली सुमारे २५ सेंटिमीटर असते. ते लाकडी चौकटीवर ठेवतात आणि पक्षी-जनावरांनी पाणी पिऊ नये म्हणून त्यावर जाळी घालतात. पात्रातली पातळी रोज किती उतरली याची नोंद होते. पाऊस झाला असेल तर तो हिशेबात धरतात.

मात्र पात्रातला आकडा जसाच्या तसा तळ्याला लावता येत नाही. पात्राच्या धातूच्या कडा उन्हाने तापतात आणि त्यातले थोडेसे पाणी लवकर गरम होते, त्यामुळे तिथे बाष्पीभवन जास्त होते. म्हणून पात्राच्या आकड्याला साधारणपणे ०.७ ने गुणतात. मराठवाड्याच्या कोरड्या मे महिन्यात पात्रातली पातळी दिवसाला १२-१३ मिलिमीटर उतरणे नवलाचे नाही. त्यावरून तळ्यासाठी ९ मिलिमीटर हा आकडा येतो. हा गुणक सरासरीचा आहे. चारही बाजूंना तापलेले उघडे रान आणि त्यावरून येणारे गरम वारे असतील, तर लहान तळ्याचे नुकसान याहून अधिक असू शकते.

या आकड्याला वरची मर्यादाही आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे साडेचोवीस लाख ज्यूल ऊर्जा लागते. उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी एक चौरस मीटरवर जेवढे ऊन पडते, ते सगळेच्या सगळे वाफ करण्यात खर्ची पडले तरी साधारण दहा लिटरच पाणी उडेल. गरम वारा त्यात थोडी भर घालतो, पण फार नाही. म्हणून तळ्याची पातळी रोज २० मिलिमीटर उतरत असेल, तर दोष उन्हाचा नाही, प्लॅस्टिक कुठेतरी फाटले आहे.

उन की गळती?

दोन्हींमधला फरक एका बादलीने कळतो. मोठी बादली किंवा टब तळ्याच्या पाण्यात ठेवायचा आणि तो तरंगू नये म्हणून तळाशी दगड टाकायचे. काठ पाण्याच्या थोडा वर राहील असे पाहून बादलीत तळ्याइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरायचे. बादली तळ्यातच असल्याने दोन्हीकडच्या पाण्याचे तापमान जवळपास सारखे राहते. चार-पाच दिवस पंप बंद ठेवून दोन्ही पातळ्या मोजायच्या. बादलीत जेवढे उतरले, ते बाष्पीभवन. तळ्यात त्याहून जेवढे जास्त उतरले, ती गळती. लाटांनी बादलीत पाणी उडाले किंवा शेळीने तोंड घातले, तर ती नोंद सोडून द्यावी.

मोजताना एक चूक हमखास होते. अस्तराच्या तिरक्या बाजूवर खूण करून पातळी किती खाली गेली हे टेपने मोजले जाते. बाजूचा उतार एकास एक असेल, तर उभी पातळी १० सेंटिमीटर उतरली की तिरक्या बाजूवर ते अंतर १४ सेंटिमीटर भरते. त्या आकड्यावर हिशेब केला तर नुकसान चाळीस टक्क्यांनी फुगते. त्यासाठी पाण्यात उभी रोवलेली मोजपट्टीच वापरावी, आणि रोज ठरावीक वेळी, शक्यतो वारा पडलेला असताना सकाळी वाचावी.

फेब्रुवारीत भरलेले, मेअखेर उरलेले

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. वरून ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना एकास एक उतार. म्हणजे तळ २४ बाय २४ मीटर. यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. द्राक्षबागायतदाराने एप्रिल छाटणीनंतरच्या कडक उन्हासाठी ते १ फेब्रुवारीला विहिरीच्या पाण्याने भरून ठेवले. अस्तर चांगले आहे, गळती नाही, आणि मेअखेरपर्यंत त्यातले थेंबभरही वापरले नाही असे समजू. रोजचे बाष्पीभवन फेब्रुवारीत ५, मार्चमध्ये साडेसहा, एप्रिलमध्ये ८ आणि मेमध्ये ९ मिलिमीटर धरू.

चार महिन्यांत पातळी ८६० मिलिमीटर उतरते. पाणी खाली जाईल तसा पृष्ठभागही आक्रसतो, हे लक्षात घेऊन गणित केले तर सुमारे ७ लाख ३० हजार लिटर पाणी हवेत गेलेले असते. भरलेल्या पाण्याचा हा बरोबर एक तृतीयांश. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. एका शेततळ्यातून चार महिन्यांत त्याच्या जवळपास दीडपट पाणी निघून जाते.

प्लॅस्टिकचे अस्तर इथे काही करू शकत नाही. ते पाणी जमिनीत मुरणे थांबवते, वर उडणे नाही. फरक पडतो तो तळ्याच्या आकाराने. तेवढेच २२ लाख लिटर पाणी दीड मीटर खोलीच्या पसरट तळ्यात साठवायचे झाले, तर वरची बाजू जवळपास ४० मीटर लागते. पातळी उतरायची तेवढीच, ८६० मिलिमीटर. पण इथे ती दीड मीटरमधून उतरते, आणि पृष्ठभागही मोठा असल्याने सुमारे १३ लाख लिटर पाणी जाते. म्हणजे शंभरातले साठ. खडक लागला म्हणून खोदाई अर्ध्यावर थांबवून तळे रुंदीला वाढवले जाते, तेव्हा ही किंमत पुढे दर उन्हाळ्यात मोजावी लागते.

हेच गणित वापरातही उपयोगी पडते. एकाच शेतात अशी दोन तळी असतील आणि दोन्हींत दीड-दीड मीटर पाणी उरले असेल, तर दोन्ही मिळून पृष्ठभाग १,४५८ चौरस मीटर होतो. एकातले पाणी दुसऱ्यात ओढून घेतले तर ते सगळे मावते आणि उघडा पृष्ठभाग सुमारे ८६७ चौरस मीटर राहतो. रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर दिवसाला ४,७०० लिटर वाचतात.

झाकायचे कशाने?

पाण्यावर दाट शेडनेट ताणली की ऊन आणि वारा दोन्ही अडतात आणि बाष्पीभवन बरेच कमी होते. अडचण आहे ती ३० मीटरच्या अंतरावर जाळी तोलून धरण्याची. मध्ये झोळ पडला की ती पाण्याला टेकते आणि वळवाच्या वादळात फाटते. त्यामुळे हा उपाय लहान तळ्यांना जास्त सोयीचा. पाण्यावर सिटाइल अल्कोहोलसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ थर पसरवण्याचे प्रयोग जुने आहेत. शांत पाण्यावर तो काम करतो, पण वारा सुटला की थर एका काठाला गोळा होतो आणि पुन्हा पुन्हा टाकावा लागतो. उघड्या माळावरच्या तळ्यासाठी हा उपाय तितकासा भरवशाचा नाही.

विहीर की तळे?

सर्वांत मोठा प्रश्न पाणी कुठून आणून भरले याचा आहे. पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी तळ्यात अडवले, तर एक तृतीयांश उडाले तरी उरलेले दोन भाग नव्याने मिळालेले असतात. पण विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून तळ्यात टाकले, तर नवे काही मिळत नाही. जमिनीखाली उन्हापासून सुरक्षित असलेले पाणी उघड्यावर आणले जाते. आठ मीटर व्यासाच्या विहिरीचा पृष्ठभाग अवघा ५० चौरस मीटर असतो. ८ मिलिमीटरच्या दराने तिथून दिवसाला फार तर ४०० लिटर जातील, आणि सावली असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. भरलेल्या तळ्यातून त्याच दराने ७,२०० लिटर जातात.

शेतकऱ्याला हे कळत नाही असे नाही. इथल्या काळ्या पाषाणातल्या भेगांमधले पाणी कुणा एकाचे नसते. आज आपण उपसले नाही, तर उद्या ते शेजारच्या बोअरमधून निघेल ही धास्ती त्याला तळे भरायला लावते. वीजही सोयीच्या वेळी मिळतेच असे नाही. आठवडाभराच्या पाळीपुरते पाणी तळ्यात घेतले, तर एप्रिलच्या दराने त्या काळात साधारण ५० हजार लिटर जातात. तेच पाणी फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत ठेवले, तर सव्वासात लाख. एकाच विहिरींच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी उपशाची वेळ आपसांत ठरवली, तर या दोन आकड्यांमधले बरेचसे पाणी जमिनीखालीच राहील.