शब्द देताना: विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाचे पहिले भाषण

विद्यार्थी परिषदेचा नवा अध्यक्ष पहिल्यांदा माईकसमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढे बोलायला पाच-सात मिनिटे असतात आणि काम करायला जेमतेम सहा महिने. कागदावरची मुदत वर्षाची असली तरी हिशेब वेगळा पडतो. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी लागू केल्या. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक व्हावी, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे निकाल लागेपर्यंत ऑगस्ट संपत येतो. मग गणपती, पहिल्या सत्राची परीक्षा, दिवाळीची सुटी, स्नेहसंमेलन. आणि मार्चमध्ये अध्यक्ष स्वतःच परीक्षेला बसलेला असतो. पहिल्या भाषणात तीनच गोष्टींचा शब्द द्यावा, याचे कारण हे वेळापत्रक आहे.

महाराष्ट्रात असे भाषण एका पिढीने ऐकलेलेच नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर खुल्या निवडणुका थांबल्या आणि वर्गप्रतिनिधी गुणांवर ठरू लागला. पहिला आलेला मुलगा किंवा मुलगी आपोआप प्रतिनिधी होई; त्याला मते मागावी लागत नसत, त्यामुळे शब्दही द्यावा लागत नसे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अध्यक्ष, सचिव आणि इतर प्रतिनिधी मतदानाने निवडण्याची तरतूद पुन्हा आणली. प्रत्यक्ष निवडणुका मात्र २०१९ मध्ये पुढे ढकलल्या गेल्या.

भाषण लिहिण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: या कामाच्या कागदावर सही कोणाची लागते? अध्यक्षाच्या सहीने महाविद्यालयाचा धनादेश वटत नाही, वेळापत्रक बदलत नाही, की निकालही लागत नाही. निकालाचेच पाहा. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावावा, असे कायदाच सांगतो. तरी तो रखडतो. जे बंधन विद्यापीठाला पाळता येत नाही, त्याचा शब्द एका महाविद्यालयाच्या अध्यक्षाने देणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातले पैसे वाटणे. टाळ्या मात्र याच वाक्याला हमखास पडतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातले महाविद्यालय आहे, निम्मी मुले आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात, आणि अध्यक्ष म्हणून एक मुलगी निवडून आली आहे. प्रचारात तिने मुलांकडून ऐकलेल्या तक्रारी वीसेक असतील. त्यांतून ती तीन निवडते, आणि त्या अशा की एक तिच्या आवाक्यातली, दुसरी महाविद्यालयाच्या हातातली, तिसरी बाहेरच्या कार्यालयाची. प्रत्येक गोष्टीचा शब्द वेगळ्या मापाचा हवा.

आवाक्यातली गोष्ट म्हणजे गॅदरिंगचा हिशेब. मंडप, ध्वनिव्यवस्था, पोशाखांचे भाडे, जेवण यांवर किती खर्च झाला, हे मुलांना सहसा कळत नाही, आणि जे कळत नाही त्यावर कुजबुज होते. रक्कम महाविद्यालयाच्या खात्यातून जाते. पण पावत्या जमवून तक्ता करणे परिषदेला जमते. प्राचार्यांची परवानगी आधीच घेतलेली असली, तर भाषणातले वाक्य सरळ होते: “गॅदरिंग संपल्यापासून १५ दिवसांत खर्चाचा तक्ता फलकावर लागेल. मी तो लावीन.”

दुसरी गोष्ट अभ्यासिकेची. ती सहाला बंद होते, ती परीक्षेआधीचा महिनाभर आठपर्यंत उघडी हवी. वरवर पाहता हा नुसता किल्लीचा प्रश्न वाटतो. ग्रंथपालांशी बोलल्यावर कळते की शिपायाची वेळ सहाला संपते. पुढचे दोन तास बसणार कोण, हीच खरी अडचण आहे. ‘कमवा व शिका’ योजनेतली मुले तिथे बसू शकतील का, हे प्राचार्यांना विचारता येते. म्हणून शब्द असा: “तीस दिवस अभ्यासिका आठपर्यंत उघडी ठेवावी, असा प्रस्ताव माणसाच्या सोयीसकट मी या महिनाअखेर प्राचार्यांना देईन. होकार किंवा नकार, जे येईल ते कारणासह तुम्हाला सांगेन.”

खरी कसोटी तिसऱ्या गोष्टीत आहे. शेवटचा तास साडेचारला सुटतो आणि गावाकडची गाडी सव्वाचारला निघते. मुले तो तास बुडवतात, किंवा पुढच्या गाडीसाठी स्थानकावर दोन तास बसतात. प्रचारात “एसटीची वेळ बदलून आणू” हे बोलून झालेले असते. पण फेरी ठरवणे आगाराच्या हातात आहे, आणि आगार पाहते ते भारमान, म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती भरतात ते. तीच गाडी पुढे दुसऱ्या फेरीला जोडलेली असेल, तर वीस मिनिटांच्या बदलाने तिसऱ्याच गावाची मुले अडकतात. विद्यार्थी पासावर भाड्याचा तिसरा हिस्साच भरतात. तरी पासधारकांचा आकडा हाच त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा असतो. गावनिहाय यादी, त्या मार्गावरचे किती पासधारक साडेचारच्या तासाला बसतात याची मोजणी आणि वेळापत्रकाची प्रत जोडलेला अर्ज आगार व्यवस्थापकांना बाजूला सारणे जड जाते. नुसत्या शंभर सह्यांचे निवेदन मात्र सहज फायलीत जाते. म्हणून ती म्हणते: “गाडीची वेळ बदलेलच, असं मी म्हणत नाही. यादीसकट अर्ज १५ सप्टेंबरच्या आत आगारात जाईल, आणि उत्तर येईल ते फलकावर लागेल. नाहीच जमलं, तर शेवटचा तास पंधरा-वीस मिनिटं आधी घ्या, अशी विनंती प्राचार्यांना करू.” प्रचारातला शब्द इथे लहान झाला आहे, आणि तो लहान केल्याचे तिने उघड सांगितले आहे. हे न सांगणाऱ्याला मुले फेब्रुवारीत आठवण करून देतात.

साधी भाषा म्हणजे सोपे शब्द, असे अनेकांना वाटते. मराठीत अडचण शब्दांपेक्षा क्रियापदात असते. “कार्यवाही करण्यात येईल” यात करणारा माणूसच नाही. “पाठपुरावा करू” यात माणूस आहे, पण काम कधी संपले हे ठरवता येत नाही. “प्रयत्नशील राहू” यात तर दोन्ही नाही. मंत्र्यांच्या भाषणांतून हा शब्दप्रयोग महाविद्यालयांत उतरला असावा. सर्वनामही फसवे आहे. “आपण हे करू” म्हटले की ऐकणाराही त्यात ओढला जातो आणि काम न झाल्यास दोष सर्वांवर वाटला जातो. “आम्ही” म्हटले की परिषद बांधली जाते. “मी” म्हटले की एकटा अध्यक्ष. वरच्या तीनही शब्दांत “मी” किंवा ठरलेला दिवस, किंवा दोन्ही आहेत. अपवाद शेवटच्या विनंतीचा: तिथे “करू” आले आहे, कारण ती विनंती परिषदेच्या बैठकीत ठरल्यावाचून जाऊ शकत नाही.

अशा भाषणात आभार दोन वाक्यांत आटपतात. हरलेल्या उमेदवाराचा उल्लेख करावा, कारण त्याला मते देणारी मुलेही त्याच गाडीने जातात. तीन शब्द मध्यभागी येतात, आणि प्रत्येकानंतर थोडे थांबावे लागते. ध्वनिक्षेपकातून तारीख एकदा ऐकून लक्षात राहत नाही. भाषण संपल्यावर तोच मजकूर एका पानावर उतरवून कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावला जातो. त्यावर तीन रकाने असतात: काम, तारीख, आणि तिसरा रिकामा.