फरशीखालचं टाकं

आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटांत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूटभर, कधी दीड फूट खाली ओतलेला असतो. बसायच्या भांड्याचा ट्रॅप, नहाणी ट्रॅप आणि त्यांच्या आडव्या पाइपांना उतार मिळावा म्हणून ही जागा सोडतात. गवंडी, प्लंबर, बिल्डर सगळे तिला 'सनकन' म्हणतात. पाइप टाकून झाले की हा खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरतात, वर कोबा करतात आणि त्यावर फरशी बसते. राहणाऱ्याला दिसते ती फक्त फरशी, आणि सारं वॉटरप्रूफिंग त्या फरशीतच आहे असं त्याला वाटतं. छताला ओल आली की तो सांध्यांत पांढरं सिमेंट भरून घेतो आणि आता प्रश्न मिटला असं समजतो.

फरशी पाणी अडवत नाही. टाइल स्वतः पाणी फारसं पीत नसेल, पण सांध्यांतलं साधं सिमेंट पितं. इपॉक्सी ग्राउट भरलं तरी नहाणीच्या जाळीभोवती, भांड्याच्या बुडाशी आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात केसासारखी फट कधी ना कधी पडतेच. थोडं पाणी खाली जाणारच, हे धरून चाललं पाहिजे. खरा प्रश्न ते गेल्यावर काय होतं हा आहे. चारही बाजूंनी बंद असलेल्या खड्ड्यात ते साठत राहतं. फरशीखाली आपण नकळत एक टाकं बांधून ठेवलेलं असतं.

या टाक्यात किती पाणी मावतं ते पाहू. चार फूट बाय सात फुटांचं बाथरूम, फूटभर खोल भराव, म्हणजे २८ घनफूट. विटांच्या रोड्यांमध्ये पाचवा हिस्सा पोकळी धरली, तर सुमारे दीडशे लिटर पाणी तिथे बसतं. विटा जे पितात ते वेगळंच. आता ट्रॅपच्या गळ्याशी सेकंदाला एक थेंब गळतोय असं समजा. दिवसाला चार लिटरांच्या आसपास होतात, म्हणजे टाकं भरायला महिन्याहून जास्त लागतो. खालच्या घरात पहिला डाग दिसतो तेव्हा मूळ दोष कित्येक आठवडे जुना असतो.

सोसायटीतले अर्धे वाद इथेच जन्मतात. अगदी नेहमीचं प्रकरण घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमखाली दुसऱ्या मजल्याचं छत टपकतंय. सेक्रेटरी सांगतात, दोन दिवस बाथरूम वापरू नका, बघू या. वरचे काका इमानदारीने बंद ठेवतात, तरी थेंब पडतच राहतात. "बघा, आमचं नाहीच!" असं म्हणून काका मोकळे होतात. प्रत्यक्षात साठलेलं टाकं हळूहळू रिकामं होत असतं. उलटंही घडतं. दुरुस्ती नीट झालेली असते, पण आतलं पाणी उतरेपर्यंत छत ओलंच राहतं, आणि कंत्राटदार चोर ठरतो.

म्हणून शोध पाण्याच्या उगमापासून घ्यावा लागतो. पहिला संशय भिंतीतल्या पाण्याच्या लाइनवर. तिच्यात सतत दाब असतो, त्यामुळे तिची गळती रात्रंदिवस एकाच वेगाने चालते. बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करून प्लंबरने लाइनला हातपंप आणि दाबमापक लावला की काटा उतरतो की नाही, ते अर्ध्या तासात कळतं. लाइन निर्दोष निघाली तर सांडपाण्याकडे वळायचं. नहाणीचं तोंड रबरी बुचाने बंद करायचं, फरशीवर खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी दोन बोटं उभं करायचं आणि वाट पाहायची. खाली लाल डाग आला तर दोष फरशीत किंवा कोपऱ्यात आहे. नाही आला तर बूच काढून दुसऱ्या रंगाचं पाणी नहाणीत ओतायचं, मग भांड्यात. मात्र रंग खाली यायला दोन-तीन दिवसही लागतात, कारण मधे ते टाकं आहे. तासाभरात निकाल मागणाऱ्याला ही चाचणी काही सांगत नाही.

खालच्या छताइतकीच बोलकी जागा म्हणजे बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत. स्कर्टिंगच्या वर वीतभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटले, पांढरा लोणा फुटला, तर खड्डा काठोकाठ भरलाय आणि पाणी भिंतीतून बाजूला सरकतंय असं समजावं. छत अजून कोरडं असलं तरीही. कपाट भिंतीला चिकटवून ठेवायची आपली सवय हा पुरावा वर्षानुवर्षं झाकून ठेवते.

दोष फरशीखालीच असल्याचं ठरलं की फोडण्याला पर्याय राहत नाही. खालून छताला वॉटरप्रूफ रंग मारणं हा मला सगळ्यात घातक उपाय वाटतो. पाणी दिसायचं थांबतं, स्लॅबमध्ये मात्र राहतं. सळई गंजली की गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि एक दिवस छताची खपली पडून सळई उघडी दिसते. खालून पॉलियुरेथेन इंजेक्शन देऊन थेंब थांबवता येतात, पण तो तात्पुरता बंदोबस्त. टाकं भरलेलंच राहतं.

वरून काम करायचं ते असं. फरशी, कोबा, रोडे सगळं काढून मूळ स्लॅब उघडा करायचा. नुसती फरशी काढून जुन्या कोब्यावर नवा लेप मारून देणारे भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवावं. स्लॅब धुऊन, वाळवून नीट पाहिला की कुठे काँक्रीट पोकळ राहून खडी उघडी पडलेली दिसते. तिथे छोट्या नळ्या बसवून सिमेंटचं ग्राउट दाबाने भरतात. मग सर्वांत नाजूक जागा, स्लॅबमधून किंवा भिंतीतून पाइप जातात ती भोकं. प्लंबर छिन्नीने भोक पाडतो, त्याच्या कडा फुटतात आणि पाइपभोवती साधा माल कोंबला जातो. तो वाळताना आकसतो, आणि प्लास्टिकचा पाइप सिमेंटला मुळात चिकटत नाही. म्हणून पाइपाचा तेवढा भाग कानशीने खरवडून, भोवतीची खाच न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. माझ्या पाहण्यात गळतीचा धागा सगळ्यात जास्त वेळा याच खाचेत सापडतो.

स्लॅब आणि भिंतीचा काटकोन तसाच ठेवायचा नाही. तिथे मालाचा तिरपा, गोलसर वाटा करायचा, दोन-तीन इंचांचा. काटकोनात लेप पातळ बसतो आणि तिथेच चिरतो. त्यानंतर सिमेंट आणि ॲक्रिलिक पॉलिमरचा लेप दोन हातांनी द्यायचा, पहिला आडवा तर दुसरा उभा. वाट्यावर आणि पाइपांच्या गळ्याशी मधे फायबरची जाळी. लेप फक्त तळाला देऊन भागत नाही. तो खड्ड्याच्या चारही भिंतींवरून चढून फरशीच्या तयार पातळीच्या वर फूटभर गेला पाहिजे आणि शॉवरच्या भिंतीवर डोक्याइतका. दाराच्या उंबऱ्याखाली तो हमखास विसरला जातो, आणि बेडरूमच्या फरशीखाली पाणी तिथूनच शिरतं. मालात घालायच्या द्रव रसायनावर, ज्याच्यासाठी आयएस २६४५ हे भारतीय मानक आहे, सगळा भरवसा टाकू नये. सिमेंटच्या गोणीला साधारण २०० मिलीलिटर पडणारं ते रसायन माल घट्ट करतं; तडा मात्र बुजवत नाही.

लेप डब्यावर लिहिलेले दिवस सुकला की पाणी भरून ठेवायचं. पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी, म्हणजे आपल्या २८ चौरस फुटांत १३० लिटरांच्या आसपास, किमान ४८ तास, जमलं तर ७२. भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढायची आणि शेजारी पाण्याची एक बादली ठेवून तिच्यातही रेघ मारायची. थोडं पाणी हवेतही उडतं. बादलीत जेवढं उतरलं तेवढंच खड्ड्यात उतरलं, तर लेप पास. चाचणी झाल्याबरोबर लेपावर मालाचा पातळ थर टाकून तो झाकायचा. प्लंबर त्यावर पाइप, करवत आणि पाना घेऊन उतरतो, आणि पास झालेला लेप त्याच्या बुटाखाली नापास होतो.

आता टाक्याला वाट द्यायची. लेपाच्या वरच, खड्ड्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यातून सव्वा-दीड इंची पाइप बाहेरच्या डक्टमध्ये काढायचा आणि तळाला त्या दिशेने उतार द्यायचा. याला स्पाउट म्हणतात. फरशीतून उतरलेलं पाणी साठण्याऐवजी तिथून बाहेर पडतं, आणि तो पाइप टपकू लागला की वरचं काही बिघडलंय हे खालच्या शेजाऱ्याच्या आधी आपल्याला कळतं. काही इंजिनिअर याला विरोध करतात, आणखी एक भोक कशाला म्हणून. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. त्या भोकाचीही तीच काळजी घ्यावी लागते. पण मोठी चूक वेगळी होते. हा पाइप सोयीसाठी सांडपाण्याच्या उभ्या लाइनला जोडतात. लाइन तुंबली की मैलापाणी उलटं खड्ड्यात येतं. त्याचं तोंड जाळी लावून उघड्यावरच असलं पाहिजे, दिसेल असं.

भराव विटांचाच हवा असं नाही. वर सांगितलेल्या खड्ड्यात रोडे आणि माल मिळून दीड टनांपर्यंत वजन होतं. हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे वापरले तर स्लॅबवरचा भार बराच उतरतो, फक्त ते मालात नीट बसवायला हवेत. सैल टाकले तर पुढे फरशी खचते आणि पाइपाचा सांधा ओढला जातो. भरावावर कोबा, त्यावर लेपाचा दुसरा थर. हा थर नहाणी ट्रॅपच्या गळ्याच्या आत वळवायचा, त्याच्या कडेशी थांबवायचा नाही. मग पुन्हा पाणी भरून चाचणी, आणि त्यानंतर फरशी, नहाणीकडे ८० ते १०० ला एक असा उतार देऊन. कंत्राटात दोन्ही चाचण्या लिहून घ्याव्यात आणि शेवटचा हप्ता दुसरीनंतर द्यावा.

खर्च कोणाचा, हा प्रश्न उरतोच. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेकडे आहे, घरातल्या संडास-बाथरूमची सदस्याकडे. फोडाफोडीचं म्हणाल, तर अनेक नव्या टॉवरांत खड्डाच ठेवत नाहीत; पाइप स्लॅबखाली, खालच्या घराच्या फॉल्स सीलिंगमध्ये टांगतात. सांधा गळला तर दोन पॅनेल काढून दिसतो, फोडाफोड नाही. मात्र दुरुस्तीसाठी शेजाऱ्याचं दार उघडावं लागतं, आणि तो वर्षातले दहा महिने परदेशी असला तर फॉल्स सीलिंग कितीही सोयीचं असून उपयोग नाही.

वरचं काम संपल्यावर खालचे लोक लगेच रंगारी बोलावतात. थांबायला हवं. स्लॅबने पिऊन ठेवलेलं पाणी सुटायला दोन-तीन महिने सहज जातात, पावसाळ्यात जास्तच. आधी छताचं सुटलेलं प्लास्टर पाडून सळया उघड्या कराव्या, गंज तारेच्या ब्रशने काढावा, गंजरोधक लेप द्यावा आणि पॉलिमरयुक्त मालाने झीज भरावी. चौकोनी प्लास्टिकचा तुकडा छताला चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव धरलं नसेल, तर रंगाचा डबा आणायला हरकत नाही.