फाइल उघडली आणि ‘टेंभुर्णी’चं ‘à¤Ÿà¥‡’ झालं. बिघडलेली मराठी अक्षरं परत कशी मिळवायची?

समजा, टेंभुर्णीतल्या एखाद्या संस्थेकडे सभासदांची यादी आहे. नाव, गाव आणि जमा रक्कम असे तीन रकाने. यादी एका प्रोग्रॅममधून सीएसव्ही फाइल म्हणून बाहेर काढली आणि एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली. आकडे जसेच्या तसे आले, पण गावाच्या रकान्यात ‘टेंभुर्णी’ऐवजी `à¤Ÿà¥‡à¤‚` अशी सुरू होणारी लांबलचक चिन्हांची माळ दिसू लागली.

अशा वेळी बहुतेक जण फॉन्ट बदलून पाहतात. त्याने काही होत नाही, कारण बिघाड फॉन्टमध्ये नसतोच.

नेमकं काय बिघडतं?

कॉम्प्युटर फाइलमध्ये अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. एका आकड्याच्या घराला बाइट म्हणतात. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. आज मराठी मजकूर बहुतेक वेळा यूटीएफ-८ या तक्त्यानुसार साठवला जातो आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. इथे काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही स्वतंत्र चिन्हं म्हणून मोजले जातात.

म्हणजे ‘टेंभुर्णी’ हा शब्द ट, मात्रा, अनुस्वार, भ, उकार, र, हलन्त, ण आणि दीर्घ वेलांटी अशा ९ चिन्हांचा आहे. फाइलमध्ये तो २७ बाइट जागा घेतो.

सीएसव्ही ही साधी मजकुराची फाइल असते. ती कोणत्या तक्त्यानुसार लिहिली आहे, याची नोंद तिच्यात असेलच असं नाही. नोंद नसेल, तर एक्सेल विंडोजचा जुना तक्ता धरून चालतो. भारतातल्या इंग्रजी सेटिंगच्या कॉम्प्युटरवर तो सहसा विंडोज-१२५२ असतो. हा तक्ता पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी बनवलेला असून त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. त्यामुळे ‘ट’चे तीन बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचले जातात आणि पडद्यावर `à¤Ÿ` उमटतं. मूळ आकडे तेच असतात, ते वाचले जातात चुकीच्या तक्त्याने.

आधी बिघाड ओळखा

सगळे बिघाड सारखे नसतात. काय दिसतंय, यावरून मजकूर वाचेल की नाही हे कळतं.

- `à¤` आणि `à¥` पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर फाइल चुकीच्या तक्त्याने वाचली गेली आहे. मजकूर बहुधा परत मिळतो.
- ‘टेंभुर्णी’च्या जागी `?????????` अशी ९ प्रश्नचिन्हं असतील, तर फाइल जुन्या तक्त्यात सेव्ह झाली आहे. त्या तक्त्यात देवनागरी नसल्यामुळे प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. या फाइलमधून मराठी परत येत नाही, मूळ प्रतच शोधावी लागते.
- `ejkBh` असं काही दिसत असेल, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. कृतिदेव फॉन्ट लावला की तेच ‘मराठी’ दिसतं. त्यासाठी फॉन्ट कन्व्हर्टर लागतो, खालचा उपाय चालत नाही.

फाइल अजून सेव्ह केली नसेल तर

एक्सेलमधली फाइल सेव्ह न करता बंद करा. मूळ फाइलला अजून काहीही झालेलं नाही. आता एक्सेलमध्ये कोरी फाइल उघडून `Data` मधून `From Text/CSV` निवडा आणि ती सीएसव्ही दाखवा. पुढच्या खिडकीत `File Origin` समोर `65001: Unicode (UTF-8)` निवडलं की खालच्या नमुन्यात मराठी नीट दिसू लागतं. मग `Load` दाबा.

बिघडलेलीच फाइल सेव्ह झाली असेल तर

आता ती विचित्र चिन्हंच फाइलचा मजकूर बनली आहेत. चूक ज्या वाटेने झाली, त्याच वाटेने उलटं जावं लागतं. आधी फाइलची एक प्रत काढून ठेवा. एक्सेलची फाइल असेल, तर ती `CSV UTF-8` प्रकारात सेव्ह करा. मग ती नोटपॅडमध्ये उघडा. `Save As` मध्ये खाली `Encoding` असतं, तिथे `ANSI` निवडून नव्या नावाने सेव्ह करा. यामुळे प्रत्येक चिन्हाचा पुन्हा एकेक बाइट होतो, म्हणजे मूळ बाइट परत येतात. आता नोटपॅडच्या `Open` खिडकीत `Encoding` ला `UTF-8` निवडून ती नवी फाइल उघडा. मराठी दिसायला हवं. शेवटी ती `UTF-8 with BOM` म्हणून सेव्ह करा. त्यामुळे फाइलच्या सुरुवातीला तक्त्याची खूण बसते आणि पुढच्या वेळी एक्सेल चुकत नाही.

यात एक धोका आहे. बिघाड झाल्यानंतर कुणी त्याच फाइलमध्ये नवी नावं नीट मराठीत भरली असतील, तर `ANSI` करताना त्यांची प्रश्नचिन्हं होतील. त्या ओळी आधी वेगळ्या काढा.

पंढरपूर वाचतं, टेंभुर्णी अडखळते

दुरुस्तीनंतर कधी कधी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पंढरपूर, माढा, मोडनिंब नीट येतात, पण टेंभुर्णी `टेंभ�र�णी` अशी येते.

याचं कारण विंडोज-१२५२ मध्येच आहे. त्यातल्या ५ घरांना अक्षरच दिलेलं नाही. ऱ्हस्व उकार आणि हलन्त यांचा तिसरा बाइट नेमका त्या रिकाम्या घरांत पडतो. ए, ऐ आणि झ यांचंही तसंच. अशा बाइटच्या जागी न दिसणारं चिन्ह तयार होतं. काही प्रोग्रॅम ते जपतात, काही गाळून टाकतात. एकदा गाळलं की तीनपैकी दोनच बाइट उरतात आणि अक्षर पुन्हा जुळत नाही. पंढरपूरमध्ये दीर्घ ऊकार आहे, त्याचा बाइट रिकाम्या घरात पडत नाही. टेंभुर्णीत मात्र उकारही आहे आणि हलन्तही.

`�` दिसलं, तर निदान नुकसान कळतं. खरा घोळ होतो तो अर्धवट बाइट गुपचूप गाळणाऱ्या कन्व्हर्टरमुळे. मग टेंभुर्णीची ‘टेंभरणी’, कुर्डुवाडीची ‘करडवाडी’ आणि कुलकर्णींचे ‘कलकरणी’ होतात. हे सगळं वाचता येण्यासारखं मराठी आहे, त्यामुळे चूक नजरेतून सुटते. पण यादीतलं नाव ओळखपत्राशी किंवा बँकेच्या खात्याशी जुळत नाही आणि हेलपाटे मारावे लागतात ते त्या सभासदाला.

म्हणून दुरुस्त केलेल्या फाइलमध्ये आधी `�` शोधा. मग उकार असलेलं एखादं ओळखीचं नाव शोधा. शंभर नावांच्या यादीत एकही ऱ्हस्व उकार किंवा जोडाक्षर सापडत नसेल, तर ती चिन्हं गाळली गेली आहेत. त्या वेळी हाताने एकेक नाव सुधारण्याआधी मूळ प्रोग्रॅममधून यादी पुन्हा काढता येते का, ते पाहा. अंदाजाने लावलेला उकार चुकू शकतो.

चिन्हांची माळ फाइल म्हणून न पाठवता चॅटमधून किंवा वेबपेजवरून कॉपी करणंही टाळा. ‘भ’चा तिसरा बाइट जुन्या तक्त्यात सहसा न दिसणारी संयोगरेषा बनतो आणि ‘ठ’चा होतो मोकळी जागा. कॉपी-पेस्टमध्ये ही दोन्ही चिन्हं सहज हरवतात किंवा बदलतात.