सेवास्तर करार

सेवास्तर करार हा सेवा घेणारी संस्था आणि सेवा पुरवणारा यांच्यातील करार होय. त्यात सेवेचा दर्जा मोजता येईल अशा आकड्यांत ठरवलेला असतो आणि तो न राखल्यास देयकातून किती रक्कम कापायची हेही आधीच नमूद केलेले असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून व्यवहारात त्याला ‘एसएलए’ म्हणतात. मूळ करार अनेक पानांचा असतो. तक्रार नोंदवणाऱ्या लिपिकाच्या हाती मात्र बहुधा त्याचा एका पानाचा सारांशच असतो. त्यामुळे सारांशात काय गाळले गेले, याला महत्त्व येते.

== प्रतिसाद आणि निवारण ==

करारात दोन निरनिराळ्या वेळा असतात. तक्रार नोंदल्यापासून पुरवठादाराचा माणूस ती हाती घेईपर्यंतचा काळ म्हणजे प्रतिसादवेळ आणि यंत्रणा पूर्ववत सुरू होईपर्यंतचा काळ म्हणजे निवारणवेळ. ‘अर्ध्या तासात प्रतिसाद’ याचा अर्थ अर्ध्या तासात दुरुस्ती असा होत नाही. केवळ दूरध्वनी आला तरी ती अट पुरी होते. दोन्ही वेळा घड्याळावर मोजल्या जातात, म्हणून ते घड्याळ केव्हा सुरू होते, केव्हा थांबते आणि कोणाच्या नोंदीवर चालते, हे करारातील सर्वांत वादग्रस्त कलम ठरते.

== उदाहरण ==

समजा, लाखनी येथील एका कार्यालयाने नागपूरच्या पुरवठादाराला संगणकजालाच्या देखभालीसाठी दरमहा ४०,००० रुपये देण्याचे ठरवले. अटी अशा: प्रतिसाद ३० मिनिटांत, निवारण कार्यालयीन वेळेच्या ४ तासांत, पुढील प्रत्येक तासास किंवा त्याच्या भागास मासिक शुल्काच्या अर्धा टक्का, म्हणजे २०० रुपये कपात, आणि एकूण कपात १० टक्क्यांपेक्षा, म्हणजे ४,००० रुपयांपेक्षा, अधिक नाही. कार्यालयाची वेळ सकाळी १० ते सायंकाळी ६.

गुरुवारी ४ वाजता सर्व्हर बंद पडला. तक्रार ४ वाजून १० मिनिटांनी नोंदली गेली आणि साडेचारला दूरध्वनी आला. प्रतिसादाची अट येथे पाळली गेली. तंत्रज्ञ शुक्रवारी सकाळी भंडाऱ्यामार्गे आला व १ वाजता काम पुरे झाले. गुरुवारचे १ तास ५० मिनिटे आणि शुक्रवारचे ३ तास मिळून ४ तास ५० मिनिटे होतात. मर्यादा ५० मिनिटांनी ओलांडली गेली, म्हणून कपात २०० रुपये.

आता शब्द बदलून पाहावेत. ‘तासाच्या भागास’ हे शब्द वगळून ‘पूर्ण तासास’ असे लिहिले, तर कपात शून्य. शुक्रवारी १० ते ११ वीज नव्हती आणि वीजपुरवठ्याचा खंड मोजणीतून वगळलेला असेल, तरीही ३ तास ५० मिनिटेच भरतात व कपात शून्य. घड्याळ अहोरात्र चालणारे असेल, तर तेच काम २० तास ५० मिनिटांचे होते. जादा वेळ १६ तास ५० मिनिटे, म्हणजे १७ गुणिले २०० अशी ३,४०० रुपयांची कपात. बिघाड एकच, परंतु हिशेब तीन.

यावरून ‘चार तासांत दुरुस्ती, अन्यथा दंड’ हा सारांश निरुपयोगी ठरतो. ‘तक्रार क्रमांक मिळाल्यापासून कार्यालयीन ४ तासांत निवारण, वीज नसलेला काळ वगळून, पुढील प्रत्येक तासास वा त्याच्या भागास २०० रुपये, महिन्याला कमाल ४,०००’ हे वाक्य लांब असले तरी त्यावरून देयक तपासता येते.

== उपलब्धतेची टक्केवारी ==

‘महिन्यात ९९ टक्के उपलब्धता’ हा आकडा ऐकायला भक्कम वाटतो. ३० दिवसांचे अहोरात्र तास ७२० धरले, तर ७ तास १२ मिनिटांचा बंद माफ होतो. म्हणजे एखाद्या दिवशी यंत्रणा १० ते ५ बंद राहिली आणि दाखल्यासाठी आलेली माणसे रिकाम्या हाती परतली, तरी अहवालात उपलब्धता ९९ टक्क्यांवरच दिसते. कामाचे २६ दिवस, रोज ८ तास, असे २०८ तास धरले, तर माफी जेमतेम २ तास ५ मिनिटांची उरते आणि त्याच सात तासांमुळे उपलब्धता ९६.६ टक्क्यांवर येते. टक्केवारीसोबत ती कोणत्या तासांवर काढली हे सारांशात असलेच पाहिजे.

== कपातीचे कायदेशीर स्वरूप ==

बोलण्यात ‘दंड’ म्हटले, तरी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात नमूद केलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. म्हणून पुरवठादाराला धाक बसावा या हेतूने अवाच्या सवा आकडा लिहिणे फारसे उपयोगी नसते. याउलट, नागरिकाला सेवा देण्यातील विलंबासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये होणारी ५०० ते ५,००० रुपयांची शास्ती पदनिर्देशित अधिकाऱ्यावर बसते, पुरवठादारावर नव्हे. पुरेसे व वाजवी कारण असल्यास ती टळू शकते. यंत्रणा बंद होती हे दाखवण्यासाठी त्या अधिकाऱ्याला तोच तक्रार क्रमांक आणि त्यावरील वेळेची नोंद उपयोगी पडते. ही नोंद केवळ पुरवठादाराच्या संगणकावर न ठेवता कार्यालयानेही आपल्या वहीत त्याच क्षणी करावी, अशी अट करारात घालता येते.