निघण्यापूर्वी लिहिलेले पत्र

परदेशी शिक्षणाची कागदपत्रे घेऊन परिचित कुटुंबे आजही माझ्याकडे येतात. कर्ज, हमीदार, फी पाठविण्याची तारीख यांविषयी तासन्‌तास बोलणे होते. मागे राहणाऱ्या जोडीदाराशी काय ठरले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. म्हणूनच एका पत्राची हकिकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

एका कापड व्यापारी कुटुंबातील सून एका वर्षाच्या एम.एस्सी.साठी मँचेस्टरला निघाली होती. विवाहास दीड वर्ष झाले होते आणि पती वडिलोपार्जित पेढी सांभाळतात. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात तिने पतीला चार पानी पत्र लिहिले. त्यातील काही भाग दोघांच्या अनुमतीने देत आहे.

आरंभीच ती लिहिते : ‘तुम्ही सर्वांना सांगता की सहा महिन्यांनी मीही जाईन. कृपया असे सांगू नका. तसे होणार नाही.’ तिचे म्हणणे यथार्थ होते. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ब्रिटनने नियम बदलला. शिकवणीच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला पती वा पत्नीस आश्रित म्हणून नेता येत नाही. ती सवलत मुख्यतः संशोधन करणाऱ्यांपुरती उरली आहे. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावरही, जो आधी आश्रित नव्हता त्याला नव्याने बोलावता येत नाही. पाहुणा म्हणून थोडे दिवस जाता येते, इतकेच. अनेक घरांत ही गोष्ट तिकीट काढल्यानंतर कळते आणि मग ‘तिनेच प्रयत्न केला नाही’ असा संशय मनात घर करतो.

पुढचा भाग फोनविषयी आहे आणि मला तोच सर्वांत व्यवहारी वाटला. ‘तुम्ही रात्री साडेआठला दुकान वाढवाल, तेव्हा माझे दुपारचे तीन वाजलेले असतील, म्हणजे वर्गाची वेळ. मी संध्याकाळी सातला मोकळी होईन, तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र उलटलेली असेल. रोज जागून बोलायचे ठरवले तर महिन्याभरात आपण दोघेही चिडू. तुम्ही दीडला जेवायला घरी येता, तेव्हा माझी सकाळ असते. बुधवारी त्या वेळी दहा मिनिटे आणि रविवारी निवांत बोलू. एरवी एक ओळीचा निरोप पुरे. निरोप नाही म्हणजे राग आहे असे समजू नका. मात्र दोन दिवस काहीच आले नाही तर नक्की विचारा.’ हे गणित हिवाळ्याचे आहे. तेव्हा साडेपाच तासांचे अंतर असते. मार्चच्या अखेरच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात आणि ते साडेचार तासांवर येते. ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी ती पुन्हा मागे येतात. त्या दिवशी यजमान जेवण थंड करून तासभर फोनची वाट पाहत बसले होते!

सासूबाईंविषयी ती लिहिते : ‘डिसेंबरात तिथे चारच्या आधी सूर्यास्त होतो आणि तेव्हा मी वर्गात असेन. चौविहार रोज पाळला जाणार नाही. आईंना हे मी स्वतः सांगून जाते आहे. त्यांनी विचारले तर माझ्यासाठी खोटे बोलू नका.’ वर्गातील गटात मुलगे असतील, छायाचित्रांत दिसतील, हेही तिने आधीच लिहून ठेवले होते. नातेवाइकाने फोटो दाखवून प्रश्न केला की उत्तर द्यायला यजमानांना अडचण पडली नाही.

सर्वांत कठीण परिच्छेद शेवटी आहे. ‘वर्षाने परत येईन, असे वचन देत नाही. नोकरी मिळाली तर काही काळ राहावेसे वाटेल. ते ठरवण्याचा प्रसंग जूनमध्ये, प्रबंध सुरू होताना येईल. तोवर मी कोणाला शब्द देणार नाही आणि तुम्हीही घरी तारीख सांगू नका. माझे मन कोणत्याही बाबतीत बदलले, तर ते प्रथम तुम्हाला कळेल. माहेरी वा मैत्रिणींना नंतर.’

बँकेत करारनामे वाचण्यात माझी हयात गेली. या पत्रात जे देता येईल तेवढेच लिहिले आहे, आणि न देता येणारेही स्पष्ट नोंदले आहे. तरी एक उणीव राहिली होती. सगळ्या अपेक्षा जाणाऱ्याच्या बाजूने मांडल्या होत्या. मागे राहणाऱ्याचे एकटेपण, समारंभांना एकट्याने जाणे, ‘सूनबाई कधी येणार?’ या प्रश्नाला रोज तोंड देणे, याचा उल्लेख नव्हता.

ती भर यजमानांनी विमानतळावर दिलेल्या अर्ध्या पानाच्या उत्तरात घातली. ‘तुझे सर्व मान्य. माझ्या दोन अटी. आजारी पडलीस तर लपवू नकोस. आणि पेढीवर मंदी असेल तेव्हा मी रविवारी कमी बोलेन. त्याचा अर्थ तुझ्या शिक्षणाशी जोडू नकोस.’

जूनमध्ये दोघांनी ठरल्याप्रमाणे बोलणे केले. तिने नोकरीसाठी सहा महिने प्रयत्न करावा आणि त्या मुदतीत मिळाली नाही तर परतावे, असे ठरले. त्यानंतरच घरातील वडीलधाऱ्यांना सांगितले गेले.