शहरापासून बदकापर्यंत

‘शहर’ या शब्दाचे ‘बदक’ करायचे आहे. एका वेळी एकच अक्षर बदलायचे, आणि प्रत्येक पायरीवर तयार होणारा शब्द मराठीत असलेला हवा. अक्षरांची जागा इकडची तिकडे करायची नाही, अक्षर वाढवायचे किंवा गाळायचेही नाही.

हा खेळ १८७७ च्या नाताळात लुईस कॅरोल यांनी शोधला. ‘ॲलिस’च्या गोष्टी लिहिणारे कॅरोल म्हणजे ऑक्सफर्डमधले गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन. करायला काही नाही म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठी त्यांनी तो तयार केला. १८७९ च्या मार्चपासून ‘व्हॅनिटी फेअर’ या लंडनच्या साप्ताहिकात त्याची कोडी ‘डब्लेट्स’ या नावाने येऊ लागली. पहिल्या कोड्यांतले एक डोक्यापासून शेपटीपर्यंत जाण्याचे होते. इंग्रजीतले ‘हेड’ आणि ‘टेल’ हे शब्द, आणि मधे चार शब्दांच्या पायऱ्या.

आपण आपल्या कोड्याकडे येऊ. हाताशी एवढेच सोळा शब्द आहेत असे धरू: शहर, बहर, लहर, कहर, बखर, मखर, मगर, अगर, अमर, कमर, कदर, पदर, उदर, पदक, उदक, बदक. सगळे तीन अक्षरी, बिनकान्यामात्रेचे.

बहुतेक जण सुरुवात अशी करतील: बदकातला ‘ब’ तर लगेच मिळतोय, म्हणून शहर, बहर. एक अक्षर जुळले. आता ‘द’ हवा, पण ‘बदर’ आपल्या यादीत नाही. ‘बहर’पासून नवी वाट एकच, ‘बखर’. तिथून मखर, मगर, अगर, अमर, कमर, कदर, पदर, पदक आणि शेवटी बदक. पोचलो खरे, पण अकरा पायऱ्या झाल्या. मिळवलेला ‘ब’ तर ‘मखर’ला येतानाच सोडून द्यावा लागला आणि तो परत मिळाला थेट शेवटच्या पायरीला. दिसायला ध्येयाच्या जवळ असलेला शब्द वाटेने जवळ असतोच असे नाही, ही या कोड्यातली खरी अडचण आहे.

म्हणून शब्दांकडे बघण्याची पद्धत बदलायची. प्रत्येक शब्द हा कागदावरचा एक बिंदू. ज्या दोन शब्दांत नेमक्या एका अक्षराचा फरक आहे, त्यांना जोडणारी एक रेघ. बिंदू आणि रेघांच्या अशा जाळ्याला गणितात आलेख किंवा ग्राफ म्हणतात. जाळे आखून झाले की शब्दांचे अर्थ विसरले तरी चालतात. प्रश्न एवढाच उरतो की एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत कमीत कमी किती रेघांवरून जावे लागते.

त्यासाठी पुढे धावत सुटायचे नाही, चहूकडे सारखे पसरायचे, जसा तळ्यात खडा टाकल्यावर तरंग पसरतो. ‘शहर’पासून एका पायरीवर तीन शब्द आहेत: बहर, लहर, कहर. या तिघांचे अजून न पाहिलेले शेजारी दुसऱ्या पायरीवर. ‘बहर’चा शेजारी ‘बखर’, ‘कहर’चे ‘कमर’ आणि ‘कदर’, तर ‘लहर’कडे नवे काहीच नाही. तिसऱ्या पायरीवर मखर, अमर, पदर, उदर. चौथ्यावर मगर, अगर, पदक, उदक. पाचव्यावर बदक. भेटलेला प्रत्येक शब्द रांगेत शेवटी उभा करायचा, रांगेतला पहिला शब्द काढून त्याचे शेजारी तपासायचे, आणि आधी पाहिलेला शब्द परत रांगेत घ्यायचा नाही. संगणकशास्त्रात याला ‘ब्रेड्थ-फर्स्ट सर्च’ म्हणतात.

वाट हातात यावी म्हणून प्रत्येक शब्दाशेजारी तो कोणाकडून आला ते लिहून ठेवायचे. बदक आले पदकाकडून, पदक पदराकडून, पदर कदरकडून, कदर कहरकडून, कहर शहराकडून. उलटे वाचले की पाच पायऱ्यांची वाट मिळते. यापेक्षा छोटी वाट या यादीत असूच शकत नाही, कारण चार पायऱ्यांत पोचता येणारे सगळे शब्द आपण बदकाच्या आधीच पाहून संपवले होते. पाच पायऱ्यांची आणखी एक वाट मात्र आहे, ‘उदर’ आणि ‘उदक’ यांच्यावरून. गंमत म्हणजे ज्या ‘कहर’मध्ये बदकाचे एकही अक्षर जागेवर नाही, दोन्ही वाटा त्याच्याच दारातून जातात.

सोळा शब्दांचे शेजारी डोळ्यांनी दिसतात. यादी मोठी झाली की तेच काम जड होते. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी पाच अक्षरी इंग्रजी शब्दांची यादी केली, तिच्यात ५,७५७ शब्द आहेत. त्यातली प्रत्येक जोडी तपासायची तर सुमारे १ कोटी ६५ लाख तुलना कराव्या लागतील, आणि हाती लागतील फक्त १४,१३५ रेघा. त्याऐवजी एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक शब्दातले एकेक अक्षर झाकून चिठ्ठ्या करायच्या. ‘कदर’च्या तीन चिठ्ठ्या होतात: ‘–दर’, ‘क–र’ आणि ‘कद–’. ज्यांची एखादी चिठ्ठी सारखी, ते शेजारी. ‘–दर’ या चिठ्ठीखाली कदर, पदर, उदर आपोआप एकत्र येतात. नूथ यांच्या यादीला अशा २८,७८५ चिठ्ठ्या पुरतात.

त्याच यादीतल्या ६७१ शब्दांना एकही शेजारी नाही. तिथून कुठेच जाता येत नाही. उत्तर नसलेले कोडेही ही पद्धत ओळखते: रांग रिकामी झाली आणि हवा तो शब्द भेटला नाही, तर वाट नाही हे सिद्ध झाले. माणूस तासभर शोधून थकला, तर त्यावरून एवढे ठामपणे म्हणता येत नाही.

मराठीत आधी ठरवायला हवे की एक अक्षर म्हणजे काय. ‘पुस्तक’ आणि ‘मस्तक’ आपण तीन अक्षरी म्हणतो, आणि ‘पु’च्या जागी ‘म’ ठेवला की एकाच पायरीत काम होते. संगणक मात्र उकार आणि हलन्त वेगळे मोजतो. त्याच्या लेखी ‘पुस्तक’मध्ये सहा चिन्हे आहेत आणि ‘मस्तक’मध्ये पाच. लांबीच वेगळी म्हटल्यावर तो या दोघांना जोडणारच नाही. मराठी शब्दांवर प्रोग्राम लिहिताना जाळे विचित्र तुटक दिसले, जोडाक्षरांचे आणि मात्रांचे शब्द एकटे पडले, तर चूक बहुधा इथे असते. शब्द आधी आपल्या अर्थाने अक्षरांत तोडून घ्यायला हवेत.

दुसरा निर्णय यादीचा. प्रहराचे ‘पहर’ हे बोलीतले रूप आत घेतले, तर शहर, पहर, पदर, पदक, बदक अशी वाट चार पायऱ्यांवर येते. क्रियापदांची आज्ञार्थी रूपे चालतील असे ठरवले, तर ‘बहकणे’पासून ‘बहक’ मिळते आणि वाट होते शहर, बहर, बहक, बदक. तीनच पायऱ्या. याहून कमी शक्य नाही, कारण ‘शहर’ आणि ‘बदक’ यांची तिन्ही अक्षरे वेगळी आहेत आणि एका पायरीत एकच बदलते. आधी अकरा पायऱ्या चालायला लावणारा ‘बहर’ यादीत एका शब्दाची भर पडताच सर्वांत जवळच्या वाटेवर येतो.