दोन उत्तरांमधली फट

तीन तारा आत जाणारं एक छोटं सर्किट घेऊ: A, B आणि S. S एक असेल तर बाहेर A दिसावा, शून्य असेल तर B. गणित सोपं आहे:

F = S·A + S'·B

म्हणजे दोन अँड गेट, एक ऑर गेट, आणि S उलटा करायला एक इन्व्हर्टर.

आता A आणि B दोन्ही एकवर ठेवा आणि S एकवरून शून्यावर आणा. कागदावर F आधीही एक, नंतरही एक. पण इन्व्हर्टरला वेळ लागतो. जुन्या 74LS04 चिपमध्ये साधारण १० नॅनोसेकंद. S पडताच पहिलं अँड गेट बंद होतं, दुसऱ्याला मात्र S' एक झाल्याची खबर उशिरा लागते. पहिला रखवालदार घरी गेला, दुसरा अजून आलाच नाही, अशी ती गत. तेवढ्यात F शून्यावर जाऊन परत येतो. ही डुबकी म्हणजे ग्लिच, आणि ती पडण्याची शक्यता म्हणजे स्टॅटिक हॅझार्ड.

F ला दिवा जोडला असेल तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण F हीच तार B च्या जागी परत आत जोडली, की सर्किट एक बिट लक्षात ठेवणारा लॅच होतं. तिथे डुबकी महाग पडते. F वरचं शून्य फिरून दुसऱ्या अँड गेटपाशी येईपर्यंत S' पोहोचला नसेल, तर ते गेट उघडतच नाही आणि साठवलेला एक कायमचा पुसला जातो.

उपाय म्हणजे आणखी एक अँड गेट:

F = S·A + S'·B + A·B

A·B मध्ये S नाहीच. त्यामुळे S च्या बदलाच्या काळात हे गेट F ला एकवर धरून ठेवतं. कार्नो नकाशात पाहिलं तर S·A आणि S'·B ही दोन वेटोळी एकमेकांना चिकटून असतात, पण एकमेकांवर चढत नाहीत. A·B चं वेटोळं नेमका तो सांधा झाकतं. डेव्हिड हफमन यांनी १९५७ साली असे सांधे झाकून हॅझार्ड टाळण्याची पद्धत मांडली. आयबीएमच्या जॉन अर्ल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅचमध्ये हेच तिसरं गेट आहे.

याला मर्यादाही आहे. एका वेळी एकच इनपुट बदलत असेल, तरच ही हमी. शिवाय तर्काच्या दृष्टीने हे गेट फालतूच ठरतं: ते बिघडून कायम शून्य देऊ लागलं, तरी सत्यसारणी तीच राहते आणि नेहमीच्या तपासणीत दोष सापडत नाही. याच कारणाने सर्किट आटोपशीर करणारं सॉफ्टवेअरही ते बिनदिक्कत काढून टाकतं.

घड्याळाच्या ठोक्यावर चालणाऱ्या सर्किटमध्ये बहुतेक ठिकाणी ही खटपट करू नये. ठोका पडेपर्यंत ग्लिच विरलेला असतो. लॅच, रीसेट आणि खुद्द घड्याळाची तार मात्र सांभाळा.